डेटाशीटवर ११५ वॅट लिहिलंय, मग ४६ वॅटला हीटसिंक का पुरत नाही? (2N3055, व्हेरिएबल पॉवर सप्लाय)

ठिणगी

टेबलावर वापरायला एक साधा लिनिअर पॉवर सप्लाय जुळवतोय. ५ ते २० व्होल्ट, जास्तीत जास्त २ अँपिअर. ब्रिज आणि मोठ्या कपॅसिटरनंतर २ अँपिअरच्या लोडला २८ व्होल्ट मिळतात. सीरीज पासला एकच 2N3055, धातूच्या टोपीचा, TO-3. मायका आणि पेस्ट लावून पंख्याविना हीटसिंकवर बसवलाय. हीटसिंकच्या कागदावर ३ °C/W लिहिलंय.

माझा हिशोब असा होता: २८ वजा २० म्हणजे ८ व्होल्ट, गुणिले २ अँपिअर, म्हणजे १६ वॅट. डेटाशीटवर ११५ वॅट. सातपट राखीव, मग चिंता कसली?

२० व्होल्टला तास-दोन तास बिनबोभाट चालतो. पण आउटपुट ५ व्होल्टवर आणून २ अँपिअर ओढले, म्हणजे ४६ वॅटला, की काही मिनिटांतच पेस्टचा वास सुटतो, आणि मी बंद करतो. लेझर थर्मामीटरची बंदूक रोखली तर हीटसिंकच्या पंखावर जेमतेम ५८ दाखवते. ५८ अंशाला 2N3055 ला काय होणार? ट्रान्झिस्टर नकली असेल का?

दणकट

पंखा लावा. विषय संपला. ८० मिमीचा १२ व्होल्टवाला, हीटसिंकच्या तोंडावर. माझे सगळे सप्लाय असेच चालतात.

सावकाश

लिनिअर कशाला हवा आता? बक मॉड्यूल घ्या, दोन बोटांएवढं असतं, गरमही होत नाही.

ठिणगी

@सावकाश, रेडिओ आणि ऑडिओचे बोर्ड तपासायला हवाय, स्विचिंगची खरखर नको. आणि प्रश्न कुठला सप्लाय घ्यावा हा नाहीये, ११५ वॅटचा ट्रान्झिस्टर ४६ वॅटला का तापतो हा आहे.

@दणकट, पंखा शेवटचा उपाय म्हणून ठेवलाय. आवाज नको.

मायका_वॉशर

ट्रान्झिस्टर बहुतेक अस्सलच असेल. तीन गोष्टी एकमेकींत अडकल्यात, एकेक सोडवू.

पहिली, बंदूक. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड थर्मामीटर हमखास कमी दाखवतो. कोऱ्या धातूतून उष्णता किरणांच्या रूपात फारच थोडी बाहेर पडते, आणि बंदूक तर नेमकं तेच मोजते. हीटसिंकवर ट्रान्झिस्टरच्या शेजारी काळ्या इन्सुलेशन टेपचा चौकोन चिकटवा, नीट दाबून बसवा, आणि टेपवर रोखून बघा. आकडा पार बदलेल. थर्मोकपल असेल तर तो उत्तम, टोक पेस्टमध्ये बुडवून धातूला टेकवायचं.

दुसरी, वॅट. १६ वॅट हा तुमच्या सप्लायचा सर्वांत सोपा प्रसंग आहे, सर्वांत वाईट नव्हे. लिनिअर सप्लायमध्ये ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतो तो आउटपुट व्होल्टेज कमी आणि करंट पूर्ण असताना. ५ व्होल्टला २८ − ५ = २३ व्होल्ट त्याच्या अंगावर, गुणिले २, म्हणजे ४६ वॅट. आणि आउटपुट शॉर्ट झालं, करंट लिमिट २ वर धरून बसलं, तर पूर्ण ५६ वॅट. हीटसिंक या आकड्यांना निवडायचा.

तिसरी गोष्ट म्हणजे ते ११५ वॅट, आणि खरी गोम तिथेच आहे. डेटाशीटमध्ये त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात «Tc = 25 °C» लिहिलेलं सापडेल. म्हणजे टोपी, तिच्यातून ११५ वॅट वाहत असताना, २५ अंशांवर धरून ठेवली तर. तसं कोणी करत नाही, करूही शकत नाही. तो आकडा आला कुठून तेही बघा: जंक्शनची कमाल मर्यादा २००, वजा २५, भागिले जंक्शन ते केस १.५२ °C/W. उत्तर ११५. म्हणजे डेटाशीट नवीन काही सांगतच नाही, २०० आणि १.५२ हे दोनच आकडे वेगळ्या रूपात देतं. तेवढे दोन लक्षात ठेवा आणि ११५ विसरून जा.

ठिणगी

टेप लावून बघितलं. २० व्होल्टला, १६ वॅटवर, अर्ध्या तासाने: कोऱ्या धातूवर ४४, शेजारच्या टेपवर ७८. खोली ३१. इतका फरक!

मायका_वॉशर

७८ − ३१ = ४७ अंश वाढ, भागिले १६, म्हणजे २.९. तुमच्या हीटसिंकचा कागद खोटं बोलत नाहीये.

आता याच हीटसिंकवर ४६ वॅट टाका. ४६ × ३ = १३८ अंश वाढ, म्हणजे हीटसिंकच १७० च्या घरात. त्यावर मायका आणि पेस्टचा अडथळा, TO-3 साठी ०.५ धरू: आणखी २३ अंश. त्यावर जंक्शन ते केस ४६ × १.५२ = ७०. बेरीज २६० च्या पुढे जाते. तिथवर पोचायच्या आत ट्रान्झिस्टर मेलेला असेल.

तुमचा वाचला तो फक्त तुम्ही लवकर बंद केलात म्हणून. हीटसिंकचं वजन तापायला वेळ घेतं, पहिल्या काही मिनिटांत सगळं आलबेल दिसतं. आकडा स्थिर होईपर्यंत, म्हणजे निदान अर्धा-पाऊण तास चालवल्याशिवाय मोजमापाला अर्थ नाही.

हिशोबाची ओळ एवढीच:

```
Tj = Ta + P × (Rjc + Rcs + Rsa)
```

भोवतालची हवा, अधिक वॅट गुणिले तीन अडथळ्यांची बेरीज: जंक्शन ते केस, केस ते हीटसिंक, हीटसिंक ते हवा. यातला पहिला कारखान्यात ठरलेला, दुसरा तुमच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरवर, आणि विकत घेता येतो तो फक्त तिसरा.

दणकट

म्हणजे मी म्हटलं तेच ना? तिसरा अडथळा कमी करायचा तर पंखा किंवा मोठा हीटसिंक. उगाच एवढं गणित कशाला?

मायका_वॉशर

अर्धं बरोबर. उरलेल्या अर्ध्यासाठीच गणित करायचं. उलट बाजूने मांडून बघा. जंक्शनची मर्यादा २०० असली तरी मी २०० ला डिझाइन करत नाही, १५० धरतो. सप्लाय डब्यात आहे, तर आतली हवा ५० धरू.

```
Rsa = (150 - 50)/46 - 1.52 - 0.5
    = 2.17 - 2.02
    = 0.15 °C/W
```

०.१५ चा हीटसिंक पंख्याविना म्हणजे लोखंडी कपाटाएवढं काहीतरी. मजा पुढे आहे: हीटसिंक अमर्याद मोठा केला, तिसरा अडथळा शून्य झाला, तरी ४६ × २.०२ = ९३ अंश हीटसिंक आणि जंक्शन यांच्यामध्येच पडतात. ५० च्या हवेत जंक्शन १४३. म्हणजे जगातला सर्वांत मोठा हीटसिंक आणला तरी हाताशी उरतात फक्त ७ अंश.

पंख्याचा फायदा आहे, तो नाकारत नाही. डब्यातली हवा बदलत राहते, त्यामुळे ५० ऐवजी खोलीपेक्षा थोडीच जास्त धरता येते. पण तुमच्या ३ च्या हीटसिंकवर पंखा लावून तो १ वर आला असं धरा. ३५ च्या हवेतही ३५ + ४६ × ३.०२ = १७४. चालेल, पण १५० च्या आत नाही. आणि पंख्यात धूळ बसून तो अडकला की परत २६०.

तेव्हा इथे दुखणं हीटसिंकचं नाही. सगळे ४६ वॅट एकाच चिपमधून बाहेर काढायला बघताय, दुखणं ते आहे.

सूरपेटी

मध्येच विचारतो. माझा अ‍ॅम्प्लिफायर आहे, क्लास एबी, दोन्ही बाजूंना ३५ व्होल्ट, ८ ओहमचा स्पीकर. आउटपुट ट्रान्झिस्टरचा हीटसिंक काढताना पूर्ण आवाजाला वॅट मोजले तर बेताचे निघाले, पण मध्यम आवाजाला हीटसिंक जास्त तापतो. मोजण्यात काही चुकतंय का?

मायका_वॉशर

मोजमाप बरोबर आहे. पूर्ण आवाजाला ट्रान्झिस्टरच्या अंगावर व्होल्टेज कमी उरतं, त्यामुळे जास्त वॅट स्पीकरकडे जातात. क्लास बी मध्ये सर्वांत जास्त उष्णता साधारण कमाल पॉवरच्या ४० टक्क्यांवर निघते. हीटसिंक त्या बिंदूला काढा. आणि बायस ठरवणारा छोटा ट्रान्झिस्टर त्याच हीटसिंकवर, आउटपुट ट्रान्झिस्टरला खेटून असू द्या. बाकी तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

राखीव

१५० वर मतभेद नोंदवतो. टेबलावरचा सप्लाय दिवसभर लावला-बंद केला जातो, लोड वरखाली होतो. चिप आणि तिच्याखालचा धातूचा भाग यांच्यात मऊ सोल्डर असतं. दर फेरीला ते ताणलं जातं. जंक्शन दर वेळी १०० अंश वर-खाली होणं आणि ६० अंश होणं यांत आयुष्याचा फरक मोठा असतो. मी १२५ धरतो.

मायका_वॉशर

तुमचं म्हणणं चूक नाही. पण १२५ धरलं तर ठिणगी यांचं काम दोन ट्रान्झिस्टरवरही अवघड जातं. आधी १५० ने काय होतं ते बघू, मग तुमचा आकडा लावून बघू.

दोन 2N3055 समांतर जोडले तर प्रत्येकाच्या वाट्याला २३ वॅट. हीटसिंकला मात्र पूर्ण ४६ वॅटच सोसायचे आहेत, ते कुठेच जात नाहीत. नीट बघा, अर्धा होतो तो फक्त जंक्शन ते हीटसिंक हा फरक: २३ × २.०२ = ४६ अंश, आधीच्या ९३ ऐवजी. म्हणजे हीटसिंक १०४ अंशांपर्यंत जाऊ शकतो. (१०४ − ५०) ÷ ४६ = १.१७ °C/W. हा हीटसिंक बाजारात मिळतो, हातात उचलता येतो, पंखा लागत नाही.

०.१५ वरून १.१७ वर आलो, आणि खर्च एका जादा ट्रान्झिस्टरचा. मोठ्या हीटसिंकपेक्षा हा पैसा केव्हाही चांगला.

दणकट

दोनच कशाला मग, चार लावा.

मायका_वॉशर

लावा ना. चारने जंक्शन-हीटसिंक फरक २३ वर येतो, हीटसिंक १२७ पर्यंत जाऊ शकतो, १.६७ चालतो. पण १२७ अंशांचा हीटसिंक डब्यात म्हणजे शेजारचे कपॅसिटर भाजून निघणार. फायदा दर वेळी निम्मा-निम्मा होत जातो. दोनावर थांबणं शहाणपणाचं.

प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओहम, निदान १ वॅटचा, विसरू नका. नाहीतर जो आधी तापेल त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज खाली येतो, तो आणखी करंट ओढतो, आणखी तापतो, आणि शेजारचा नुसता बघत बसतो.

ठिणगी

2N3055 ऐवजी TIP3055 घेऊ का? प्लॅस्टिकचा आहे, एका स्क्रूने बसतो, TO-3 ची भोकं पाडायची कटकट नाही. आणि जंक्शन ते केस १.३९ आहे, म्हणजे 2N3055 च्या १.५२ पेक्षा चांगलाच.

दणकट

TIP3055 च घ्या. कमी अडथळा म्हणजे कमी ताप. यात तर वाद नाही ना?

मायका_वॉशर

वाद आहे :) अडथळ्याचा एकच आकडा बघितलात, दुसरा राहिला. TIP3055 ची जंक्शन मर्यादा १५० आहे, २०० नाही. 2N3055 ला मर्यादेखाली ५० अंश ठेवले, तर याला निदान २५ तरी ठेवू, म्हणजे १२५ ला डिझाइन.

दोन TIP3055, प्रत्येकी २३ वॅट, १.३९ आणि इन्सुलेटरचे ०.५ मिळून १.८९, म्हणजे ४३ अंश. हीटसिंकला वर ८२ पर्यंतच जाता येतं. (८२ − ५०) ÷ ४६ = ०.७ °C/W. १.१७ च्या जागी ०.७. हीटसिंक जवळपास दुप्पट मोठा, तोही कमी अडथळ्याचा ट्रान्झिस्टर घेऊन!

२३ वॅटला ०.१३ चा फरक म्हणजे ३ अंश. मर्यादेतला फरक ५० अंश. कशाला किती भाव द्यायचा ते यावरून कळतं.

राखीव

आणि माझा १२५ चा आग्रह 2N3055 ला लावला तर? १२५ − ४६ = ७९. (७९ − ५०) ÷ ४६ = ०.६३. मान्य, मोठा होतो. पण मी हीटसिंक डब्यात ठेवणारच नाही. मागच्या पॅनेलला बाहेरून लावला तर हवा खोलीची, उन्हाळ्यात ४० धरा. (७९ − ४०) ÷ ४६ = ०.८५. तो मिळतो.

शिवाय मायका कशाला ठेवताय? दोन्ही ट्रान्झिस्टरचे कलेक्टर तसेही एकत्रच आहेत. हीटसिंकच डब्यापासून प्लॅस्टिकच्या खांबांवर तोलून धरा आणि ट्रान्झिस्टर नुसत्या पेस्टवर बसवा. ०.५ च्या जागी ०.१५ येतो. २३ × १.६७ = ३८, हीटसिंक ८७ पर्यंत, ४७ ÷ ४६ = १.०२. माझ्या १२५ लाही आता नेहमीचा हीटसिंक पुरतो.

मायका_वॉशर

हिशोब पक्का. पण मग अख्खा हीटसिंक २८ व्होल्टवर, आणि तोही बाहेरच्या अंगाला. टेबलावर एखादी वायर, पक्कड, अर्थ केलेला ऑसिलोस्कोपचा क्लिप मागे पडला की फिल्टर कपॅसिटर थेट शॉर्ट. डब्याच्या आत, जाळीमागे असेल तर मी स्वतः हे केलं असतं. बाहेर नाही.

ठिणगी

बाहेर लावतोय, आणि मायका ठेवतोय. जागा आतमध्ये नाहीच आहे.

दोन प्रश्न. माझ्याकडे जुन्या यंत्रातून काढलेला एक मोठा काळा हीटसिंक आहे, त्यावर काहीच छापलेलं नाही. त्याचा आकडा कसा काढू? आणि मायका बसवताना काय बघायचं? आधीच्या खेपेला भोक पाडलं आणि मल्टिमीटरने बीप दिला.

मायका_वॉशर

हीटसिंक मोजणं सोपं आहे. त्यावर अ‍ॅल्युमिनियम बॉडीचा वायरवाउंड रेझिस्टर स्क्रूने, पेस्ट लावून बसवा. करंट आणि व्होल्टेज मोजून २० वॅट घाला. पंख उभे ठेवा, आडवा ठेवला तर हवा वर चढायला वाट नाही आणि आकडा बिघडतो. तापमान चढायचं थांबेपर्यंत वाट बघा. हीटसिंक वजा खोली, भागिले वॅट.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. पंख्याविना हीटसिंक जितका जास्त तापतो तितकी हवा जोरात वर खेचतो, म्हणून त्याचा आकडा स्थिर नसतो. २० वॅटला १.६ मोजलात तर ४६ वॅटला तो १.३५ च्या आसपास येईल. उत्पादकही आपला आकडा बऱ्याचदा भरपूर तापलेल्या अवस्थेतला देतात, तो कमी वॅटला मिळत नाही म्हणून बोंब मारू नये. शक्य असेल तर मोजा थेट खऱ्या वॅटला.

काळा आहे ते चांगलं. पंख्याविना चालणाऱ्या हीटसिंकचा काही वाटा किरणांनी जातो, त्यासाठी अ‍ॅनोडाइज्ड पृष्ठभाग कोऱ्यापेक्षा बरा. पंखा लावला की हा फरक नगण्य.

मायकाचं सांगायचं तर बीप मायकाने नाही दिला, भोकाच्या कडेने दिला. ड्रिल बाहेर येताना कडेला जो बारीक धारदार ओठ उरतो, तो मायकाला भोसकून टोपीला टेकतो. प्रत्येक भोक, दोन्ही बाजूंनी, जाड्या ड्रिलने हाताने फिरवून कड मारून घ्यायची. मग नखाने फिरवून बघायचं, नख अडकलं तर परत. स्क्रूंना प्लॅस्टिकचे बुश, कारण TO-3 चे दोन्ही स्क्रू टोपीला, म्हणजे कलेक्टरला टेकतात. पेस्ट मायकाच्या दोन्ही बाजूंना, इतकी पातळ की मायका खालून अंधुक दिसत राहील. स्क्रू थोडा एक, थोडा दुसरा असे आळीपाळीने आवळा, नाहीतर टोपी एका अंगाला तिरपी बसते. बेस-एमिटरला वायर लावायच्या आधी कलेक्टर ते हीटसिंक मोजून घ्या. गरम झाल्यावर परत मोजा, थंडीत न सापडणारा शॉर्ट गरमीत सापडतो.

सावकाश

पुन्हा माझंच घोडं पुढे दामटतो, पण बक नाही म्हणालात म्हणून. ट्रान्सफॉर्मरला मधला टॅप आहे का? असेल तर कमी व्होल्टला तो टॅप वापरायचा, रिले लावून. मग हे ४६ वॅट निर्माणच होणार नाहीत.

ठिणगी

आहे! कमी टॅपवर कपॅसिटरला लोडखाली १६ व्होल्ट येतात. कधी वापरलाच नाही.

मायका_वॉशर

@सावकाश, हे मात्र नेमकं बोललात.

१२ व्होल्टपर्यंत १६ वाला टॅप, त्यावर २८ वाला. खालच्या टप्प्यात सर्वांत वाईट ५ व्होल्टला: (१६ − ५) × २ = २२ वॅट. वरच्या टप्प्यात सर्वांत वाईट १२ व्होल्टच्या जरा वर: (२८ − १२) × २ = ३२. आणि शॉर्ट झालं तर आउटपुट शून्याकडे जातं, रिले खालच्या टॅपवर पडतो, १६ × २ = ३२. म्हणजे सगळे प्रसंग ३२ च्या आसपासच.

एकच 2N3055 ठेवून: १०० ÷ ३२ = ३.१३, वजा २.०२, म्हणजे १.१ °C/W. दोन ट्रान्झिस्टरच्या हीटसिंकच्या जवळपास तेवढाच, पण डब्यात उष्णता तीस टक्क्यांनी कमी. दोन्ही केलंत, टॅपही आणि दोन ट्रान्झिस्टरही, तर प्रत्येकी १६ वॅट, ३२ अंश फरक. राखीव यांचे १२५ धरूनही (१२५ − ३२ − ५०) ÷ ३२ = १.३४ निघतो.

रिले मात्र आउटपुटच्या व्होल्टेजवर चालवा, नॉबच्या जागेवर नाही, नाहीतर शॉर्टच्या वेळी तो २८ वरच बसून राहील. आणि चढताना १२ ला, उतरताना ११ ला बदलेल असं अंतर ठेवा, नाहीतर सीमेवर टकटक करत बसेल. उतरताना ११ च्या जरा वर मात्र वॅट ३४ पर्यंत जातात, हीटसिंकमध्ये तेवढी जागा ठेवा.

दणकट

रिले टकटक करणार, संपर्क जळणार. पंख्याला काय खुपलं होतं?

ठिणगी

रिलेचं काम नंतर. आधी दोन ट्रान्झिस्टर बसवले, तोच जुना काळा हीटसिंक, मागच्या पॅनेलला बाहेरून, पंख उभे. टोप्यांवर प्लॅस्टिकचं झाकण लावलंय, त्या २८ व्होल्टवर आहेत म्हणून.

५ व्होल्ट, २ अँपिअर, ४६ वॅट, तासभर. खोली ३२. दोन ट्रान्झिस्टरच्या मध्ये हीटसिंकवर, टेपवर, ८३. एमिटर रेझिस्टरवर एकाला ०.२३ व्होल्ट, दुसऱ्याला ०.२१. थर्मोकपल टोप्यांवर: ९६ आणि ९४. यावरून जंक्शन किती धरू?

मायका_वॉशर

हीटसिंक: ५१ ÷ ४६ = १.१. जुन्या भंगाराला मानलं.

०.२३ वाला १.०५ अँपिअर घेतोय, म्हणजे २४ वॅट. टोपी ९६, अधिक २४ × १.५२ = ३६. जंक्शन १३२ किंवा १३३. टोपीवर थर्मोकपल असल्यामुळे मायका किती चांगला बसलाय याचा अंदाज धरावा लागला नाही, हेच या मोजमापाचं सुख. तरी तपासून बघितलं तर ९६ − ८३ = १३ अंश, भागिले २४, ०.५४. मायका ठीक बसलाय.

खोली ४५ झाली तर सगळे आकडे १३ ने वर, जंक्शन १४६. बसलं.

शॉर्टला मात्र ५६ वॅट: ४५ च्या हवेत हीटसिंक १०७, वर ५७ अंश, जंक्शन १६४. मर्यादेच्या आत, पण तिथे तासभर राहू देऊ नका. हीटसिंकला, दोन ट्रान्झिस्टरच्या मध्ये, १०० अंशांचा बायमेटल थर्मल स्विच स्क्रूने लावा, KSD301 छापाचा, आणि तो ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत टाका. इन्सुलेटेड बॉडीचा घ्या.

राखीव

१४६ ला तुम्ही «बसलं» म्हणता, मी «टेकलं» म्हणेन. थर्मल स्विच ९० चा लावा.

मायका_वॉशर

९० चा लावला तर उन्हाळ्यात ५ व्होल्टला, काहीही बिघाड नसताना ट्रिप होईल. ४० च्या खोलीत हीटसिंक ९१ वर असतो.

राखीव

होऊ दे. तोपर्यंत ते रिले बसवतील.

सूरपेटी

४० टक्क्यांच्या बिंदूला मोजलं, खरंच तिथेच जास्त तापतो. वेगळा धागा काढतोय. एक विचारायचंय: दोन्ही चॅनेलचे ट्रान्झिस्टर एकाच हीटसिंकवर असतील तर हिशोबात वॅट दोघांचे मिळून धरायचे ना?

मायका_वॉशर

हीटसिंक ते हवा यात मिळून, बाकी दोन अडथळ्यांत ज्याचे त्याचे. धाग्याची लिंक इथे टाका.